चौतीस वजा तेवीस

गौरी जेवतात त्या दिवशी गिरगावातल्या आत्याच्या दारात मी तासभर जमिनीवर बसून होतो, असं आमच्या नातेवाइकांत आता सांगितलं जातं. तासभर नाही, वीस मिनिटं. पण ती चाळीच्या गॅलरीतली वीस मिनिटं होती, आणि सणाच्या दिवशी चाळीच्या गॅलरीतून किती माणसं ये-जा करतात हे ज्याला ठाऊक आहे, तो तासभर हा आकडा मान्य करील.

माझ्या उजव्या पायातला बूट निघत नव्हता.

डावा निघाला होता, म्हणजे आतेभावाने काढला होता. उजव्यासाठी आतेभाऊ पुढून बूट ओढत होता, त्याचा मुलगा माझ्या काखेत हात घालून मला मागे ओढत होता, आणि आत आरती सुरू झाल्यामुळे दोघांच्या ओढण्याला आपोआप टाळ्यांचा ठेका आला होता. येणारे-जाणारे थांबून सल्ला देत होते. "पाय ढिला सोडा." "पाय ताठ करा." एका आजोबांनी तर "सुजलाय तो, डॉक्टरला दाखवा" असं निदानही केलं. शेवटी आत्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. "बांगडी उतरवतात तसं उतरवायचं," म्हणून तिने बुटाच्या दोन्ही बाजूंच्या इलॅस्टिकवर आणि मोज्यावर तेल ओतलं. बूट निघाला. मोजा बुटातच राहिला. मी एका पायात मोजा आणि एका पायाला तेल अशा थाटात गौरीपुढे उभा राहिलो.

गंमत म्हणजे हे बूट मी पटकन निघावेत म्हणूनच घेतले होते. आपल्याकडे माणूस दिवसातून किती वेळा पादत्राणं काढतो ते एकदा मोजून बघा. घर, देऊळ, शेजाऱ्यांकडचं हळदीकुंकू (बायकोला न्यायला गेलो तरी दारात काढायचेच), दाताचा दवाखाना. पन्नाशी जवळ आली की लेस बांधायला वाकलं की पोट मध्ये येतं आणि उठताना तोंडातून आपोआप "अगंबाई" निघतं. तेव्हा घोट्यापर्यंत येणारे, बिनलेसचे, दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असलेले चेल्सी बूट मला देवाने पाठवल्यासारखे वाटले. नाव लंडनच्या चेल्सी भागावरून पडलं, विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या फॅशनेबल तरुणांच्या पायात हे बूट असायचे म्हणून. पण ही कल्पना त्याच्या शंभरेक वर्षं आधीची, राणी व्हिक्टोरियाचे बूट करणाऱ्या स्पार्क्स हॉल नावाच्या कारागिराची. त्याआधी असं इलॅस्टिक टिकणं कठीणच होतं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत १८४० च्या दशकात हाती आली आणि बुटाच्या कुशीत ताणणारी पट्टी बसली. राणीसाहेब ते बूट वापरायच्या म्हणतात. त्यांना अर्थात गिरगावातल्या आत्याकडे जायचं नव्हतं.

दुकानात मी आठ नंबर मागितला, कारण गेली तीस वर्षं मी आठ नंबरच मागतो. पाय आत जाताना जरा झटापट झाली, मग एकदम 'फट्' असा आवाज होऊन गेला. पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे एरवी लेसची गाठ येते तिथे, कोणीतरी अंगठ्याने दाबून धरल्यासारखं वाटत होतं. सेल्समन म्हणाला, "सर, लेदर आहे, चार दिवसांत सुटेल." हे वाक्य ते लोक इतक्या मायेने म्हणतात की लग्न जमवताना "होईल हो सवय" म्हणणाऱ्या मावशीची आठवण व्हावी. चामडं सुटतं हे खरं आहे, पण ते सुटतं रुंदीला, बोटांच्या सांध्यापाशी, तेही थोडंसं. पावलाच्या वरच्या चढावर ते फार देत नाही. त्यात मी बूट घेतले सकाळी अकराला आणि आत्याकडे पोचलो संध्याकाळी सातला, डोंबिवलीहून दादरपर्यंत उभा, मग गाडी बदलून चर्नी रोडपर्यंत पुन्हा उभा. तोवर पाय फुगलेला. बूट संध्याकाळीच बघायला जावं, ही अक्कल आली ती तेल लावून.

दुसऱ्या दिवशी मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला आणि पाय मोजला. टाचेच्या मागच्या खालच्या टोकापासून टेप वर आणून, पाऊल जिथे नडगीला दुमडतं त्या खोबणीवरून फिरवला: चौतीस सेंटिमीटर. मग घोट्याच्या वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथे: तेवीस. हे दोन आकडे मी कागदावर लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. म्हणजे बुटाचा गळा चौतीसला वाट देईल इतका मोठा हवा, आणि पाय आत गेल्यावर तेवीसला बिलगेल इतका लहान हवा. मधले अकरा सेंटिमीटर कुणी भरून काढायचे? साध्या बुटात ते काम लेस करते. लेस सोडली की बुटाची जीभ बाहेर येते, अख्खा गळा पसरतो, मग आपण हवा तेवढा आवळतो. चेल्सीत ते सगळं दोन पट्ट्यांच्या जिवावर. आणि गोम अशी की अकराच्या अकरा सेंटिमीटर काही त्या ताणून देत नाहीत. पाऊल खाली टोकदार करून तिरकं घातलं की थोडी जागा वाचते, चामडं थोडं वाकतं, उरलेलं इलॅस्टिकने द्यायचं. म्हणून ती पट्टी किती खालपर्यंत उतरलीय याला फार महत्त्व. माझ्या बुटाची पट्टी दिसायला नाजूक आणि आखूड होती. ती जिथे संपत होती त्याच्या खाली नुसतं न ताणणारं चामड्याचं कडं, आणि टाच नेमकी त्या कड्यात अडकत होती. आत जाताना माझं ऐंशी किलो वजन मदतीला होतं. बाहेर येताना फक्त आतेभाऊ होता.

मेहुण्याला मी हे सांगितलं. त्याला प्रत्येक गोष्टीवर एक वाक्याचा उपाय सुचतो. "भाऊजी, एक नंबर मोठा घ्या." मी घेतला. साडेचार हजार पाण्यात गेले होते, आणखी तेवढेच घातले.

नऊ नंबरचा बूट सुरेख निघायचा. इतका सुरेख, की दादरच्या जिन्यावर मागच्या माणसाचा पाय माझ्या टाचेवर पडला आणि मी बुटातून चालत पुढे निघून गेलो. गर्दीने मला तीन पायऱ्या वर नेलं, बूट खालीच राहिला. मी ओरडलो, "अहो, बूट!" खालून एकाने तो उचलला आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, असा दहीहंडीच्या थरासारखा तो माझ्यापर्यंत पोचवला. मुंबईकरांविषयी काही म्हणा, बूट परत देतात.

नंबर वाढवला की मुख्यतः लांबी वाढते. पावलाची उंची जेमतेम वाढते, आणि बुटाचा मोडण्याचा बिंदू पुढे सरकतो. बोटांच्या सांध्यापाशी पाय वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे. माझा बूट बोटांवर वाकत होता, त्यामुळे त्याची आडवी सुरकुती अंगठ्याला चावायची आणि टाच प्रत्येक पावलाला दोन-दोन सेंटिमीटर वर उचलली जायची. फटक, फटक, फटक. ऑफिसात मी येतोय हे लोकांना लिफ्टपासून कळायला लागलं. नव्या बुटात टाच थोडी, म्हणजे अर्धा सेंटिमीटर, उचलली तर चालतं. तळ नवा असल्याने कडक असतो, वाकायला लागला की टाच बसते. दोन सेंटिमीटर मात्र कधीच बसत नाहीत. वर गळ्याशीही तीच कथा. बारीक घोट्याभोवती बूट कुंडीसारखा उघडा, आणि मी त्यात लावलेला एखादा वाळका मनीप्लांट.

शहाणपण शेवटी स्टेशनबाहेर मिळालं. पुलाखाली चप्पल-बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात. समोर लोखंडी तिपाई, बाजूला आरी आणि रापी, सोल्युशनचा डबा. मी आधीचे आठ नंबर घेऊन गेलो, कारण त्यांच्या इलॅस्टिकला लाटा आल्या होत्या, तव्यावर टाकलेल्या पापडासारख्या.

काकांनी पट्टी ताणली, सोडली, आणि नाकाशी नेली.

"तेल लावलं?"

"आत्याने."

"रबराला तेल लावतात का कुणी? आतली रबराची तार फुगते, मग तुटते. वरचा धागा तसाच राहतो, म्हणून अशी झालर दिसते." पट्टी बदलता येते, असं ते म्हणाले. अप्पर म्हणजे बुटाचं वरचं चामडं, ते आणि अस्तर यांच्यामध्ये ती शिवलेली असते, टाका उसवायचा, नवी घालायची, त्याच भोकांतून पुन्हा शिवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. मग त्यांनी मला बूट घालून उभं केलं आणि खाली बसून पट्टीकडे बोट दाखवलं. "हे बघा. उभं राहिल्यावर इलॅस्टिक आराम करत पाहिजे. तुमचं बघा कसं." पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या शिलाया बाहेरून वाकून कंसासारख्या झाल्या होत्या. पट्टी पूर्ण ताणलेली. "इलॅस्टिक घालण्या-काढण्यापुरतं असतं. पायात असताना ते काम करतंय म्हणजे बूट लहान आहे, नंबर काहीही असो." मग गळ्यात एक बोट घालून बघायचं: एक बोट सहज जावं, दोन गेली तर सैल, जाईचना तर संध्याकाळी आत्याला बोलवावं लागेल. (शेवटचं वाक्य माझं.)

"तुमचा चढ जास्त आहे," काका म्हणाले. पावलाच्या वरचा भाग ते चढ म्हणतात. माझा पाय वरून बघितला तर आठ नंबरच, बाजूने बघितला तर छोटी टेकडी. असल्या पायाला नंबर बदलून उपयोग नाही, फर्मा बदलावा लागतो. ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर बूट चढवतात तो फर्मा. पट्टी बदलून ते आठ नंबर मी भाच्याला दिले. त्याचा नंबर तोच, पण पाऊल पाटासारखं सपाट. त्याला ते असे बसले की मला थोडा मत्सर वाटला.

काकांच्याच सांगण्यावरून मी ठक्कर बाप्पा कॉलनीत गेलो. चेंबूर-कुर्ल्याच्या मधली ही वस्ती, बूट-चपलांच्या कारखान्यांनी भरलेली. माळ्यावरच्या एका छोट्या कारखान्यात कारागिराने मला कागदावर उभं करून पेन्सिलीने दोन्ही पाय आखले आणि टेपने चार ठिकाणी मापं घेतली: बोटांचा सांधा, चढ, टाच ते खोबण, घोटा. उजवा पाय डाव्यापेक्षा चढाला जवळपास पाऊण सेंटिमीटर जास्त निघाला, म्हणजे गौरीच्या दिवशी उजवाच का अडकला हे इतक्या महिन्यांनी कळलं. मग त्याने आठ नंबरचा फर्मा घेतला आणि चढाच्या जागी चामड्याचे पातळ तुकडे एकावर एक चिकटवून, रापीने तासून, माझ्या पायाची टेकडी तयार केली. इलॅस्टिक त्याने खाली तळापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर आणून ठेवलं. दिसायला जरा रांगडं. पण नाजूकपणाचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

"तळ कशाचा लावू?" त्याने विचारलं.

इथे माझ्यातला साहेब जागा झाला. "चामड्याचा," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. जूनचा पहिला आठवडा होता. तो काही बोलला नाही. गिऱ्हाईकाला अनुभव घेऊ द्यावा, अशा मताचा होता बहुधा.

चामड्याचा तळ कोरड्या जमिनीवर झकास. आवाज भारदस्त, पाय गार. पण पावसात भिजलेल्या सीएसएमटीच्या गुळगुळीत फरशीवर मी जो घसरलो तो सरळ टीसीसमोर जाऊन थांबलो, गुडघ्यांवर. पास खिशात होता, पण काढायला हात मोकळे नव्हते. त्याने मला पास न बघताच जाऊ दिलं. एवढी शरणागती त्याला आधी कोणी दिली नसावी. शिवाय तो तळ पाणी प्यायचा. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली तीन दिवस ठेवले तरी कडेला ओल, आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. पुलाखालच्या काकांनी त्यावर दोन मिलिमीटर रबराचा हाफसोल चिकटवला आणि टाचेला रबरी टोपी ठोकली. घसरणं थांबलं, पिणं थांबलं नाही. कडा उघड्याच होत्या.

भाच्याला मी दिलेल्या बुटांचा तळ त्याने हौसेने बदलून घेतला होता. खोल दात्यांचा जाड तळ, ट्रेकिंगच्या बुटासारखा. त्याच्या मते "मामा, ग्रिप." डोंगरात असेलही. चिखलात दाते रुततात म्हणून पकड येते. ओल्या गुळगुळीत ग्रॅनाइटमध्ये ते रुतणार कशात? तिथे जमिनीला किती रबर टेकतंय आणि ते किती मऊ आहे यावर सगळं असतं, आणि खोल दात्यांमुळे टेकणारं रबर उलट कमी. वर ते दाते रस्त्याच्या खोदकामाचा चिखल घट्ट धरून ठेवायचे आणि तो वाळला की सोडायचे. आमच्या हॉलमध्ये तासागणिक एक, अगदी चकलीच्या आकाराचे तुकडे पडलेले असायचे. बायकोने एक खरोखरच उचलून डब्यात टाकला, चष्मा नव्हता म्हणून.

मेहुण्याची तऱ्हा तिसरीच. त्याने माझं बघून हौसेने एक जोडी घेतली, हलक्या फेसाळ पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पीयूच्या तळाची, पायात कापूस घातल्यासारखी. चांगली म्हणून जपून ठेवली, दोन पावसाळे माळ्यावर खोक्यात. मग साडूच्या मुलीच्या रिसेप्शनला काढली. स्टेजवर चढताना डावी टाच गळाली, आहेराचं पाकीट देताना उजवी. फोटोत तो एका बाजूला कलंडलेला दिसतो. खाली त्याच्या मागे बेसनाच्या लाडवासारखा भुगा. तशा पीयूचा हाच दोष: हवेतल्या ओलाव्याने तो आतून सुटतो, न वापरताही सुटतो. जपून ठेवणं हे त्याला औषध नाही, उलट तुम्हाला बातमी उशिरा कळते इतकंच. माळ्यावरून काढलेला असा बूट घालण्याआधी तळ अंगठ्याने दाबून बघावा. चिकट लागला, भेग पडली किंवा खळगा तसाच राहिला तर चप्पल घालून जावं. हे मी मेहुण्याला एका वाक्यात सांगितलं. फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर मी कारागिराकडे परत गेलो. त्याने काही विचारलं नाही, फक्त फळीवरून एक रबराचा तळ काढून दिला. चपटा, बाजूने बघितलं तर चामड्याच्या तळासारखाच बारीक, आणि खालून अडीच-तीन मिलिमीटरचे गोल बटणासारखे उंचवटे, तेही कडेच्या आत दडलेले. उंचवटे बुटके, म्हणून चिखल धरत नाहीत. सपाट, म्हणून भरपूर रबर जमिनीला टेकतं. त्याने अंगठ्याच्या नखाने ते दाबून दाखवलं. नख रुतलं आणि खूण भरून आली. "नख घसरलं तर घेऊ नका, तो फरशीवरही घसरतो," तो म्हणाला. तळ बदलता आला याचं कारण पहिल्यांदाच त्याने अप्परभोवती चामड्याची पट्टी शिवून तळ त्या पट्टीला शिवला होता. जुना टाका कापला, तळ निघाला, अप्परला हातही लागला नाही. नुसता चिकटवलेला तळही कधीकधी बदलता येतो, पण ते उपटताना अप्पर किती शिल्लक राहतो हे कारागिराच्या हातावर आणि आपल्या नशिबावर.

त्यावर आता एक पावसाळा निघाला. सीएसएमटीची फरशी, ऑफिसचा ग्रॅनाइट, दादरचा जिना, सगळं झालं. फूटओव्हर ब्रिजच्या ओल्या लोखंडी पत्र्यावर अजूनही जपूनच चालतो, तिथे कुठलाच तळ मी सांगत नाही.

यंदा गौरी जेवल्या तेव्हा संध्याकाळी सातलाच पोचलो. गॅलरीत नेहमीपेक्षा गर्दी वाटली. आतेभावाचा मुलगा फोन आडवा धरून उभा होता, तेव्हाचे निदानवाले आजोबा खुर्ची टाकून बसले होते. मी मागच्या फितीला दोन बोटं घातली, टाच उचलली, पाय बाहेर. मग दुसरा. चार सेकंद लागले असतील. आजोबा "हात् तुझ्या" म्हणून उठून गेले.

आत्या दारात उभी होती. हातात खोबरेलची वाटी, कोमट केलेली.

"निघाले?" तिचा चेहरा पडला. मग वाटी माझ्या हातात दिली. "घे, गुडघ्यांना तरी लाव. ते टीसीचं ऐकलंय मी."